घडवणारा एक, कमावणारा दुसरा

वडिलांना कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरून द्यायचा होता म्हणून मी त्यांना बँकेत घेऊन गेले होते. रांगेत बसलेले असताना त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती. शेजारच्या बाई टक लावून बघत होत्या, तेव्हा ते म्हणाले, "हा आपोआप हलतो हो, मी हलवत नाही." मग नंबर आला. त्यांनी पेन उचललं आणि थरथर बरीच कमी झाली. या आजारात असंच होतं. हात स्वस्थ असताना कंप जास्त असतो आणि काही करायला घेतलं की ओसरतो. सही झाली. अक्षरं शेवटाकडे बारीक होत गेली होती, पण सही त्यांचीच होती. कारकुनाने ती जुन्या सहीशी ताडून बघितली आणि शिक्का मारला.

दोन्ही वेळा हललेला हात एकच. मग एक हालचाल त्यांची नाही आणि दुसरी त्यांची, हे कशावरून?

साधारण अकराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या बसरा शहरात वाढलेल्या अबुल हसन अल-अशअरी या धर्मपंडिताने नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. तापाने किंवा वाताने थरथरणारं अंग, आणि स्वतःहून चालत जाणारा, येणारा माणूस. या दोन हालचालींतला फरक कुणी शिकवावा लागत नाही, तो ज्याचा त्याला आतून कळतो, असं त्यांनी ‘किताब अल-लुमा’ या पुस्तकात मांडलं. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं. अडचण त्याच्या पुढे होती. अशअरींच्या मते या दोन्ही हालचाली अल्लाहनेच निर्माण केलेल्या आहेत. मग फरक कशात उरला? आणि दुसऱ्या हालचालीचा जाब माणसाला का द्यावा लागावा? यावर त्यांनी दिलेलं उत्तर एका शब्दात आहे: कस्ब.

हा शब्द आपल्याला परका नाही. ‘हातात कसब आहे’, ‘कसबी कारागीर’ म्हणताना आपण तोच अरबी शब्द वापरतो. (कसबा पेठेतला ‘कसबा’ मात्र वेगळ्या धातूतून आला आहे. अरबीत त्यातला ‘क’ आणि ‘स’ दोन्ही वेगळे लिहितात.) मराठीत येता येता त्याचा अर्थ कौशल्याकडे झुकला. मुळात कस्ब म्हणजे कमाई, धंदा, मेहनत करून मिळवलेली गोष्ट. ती बाजाराची भाषा आहे. कुराणात माणसाच्या कर्मांविषयी हा धातू पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या सुरेच्या अगदी शेवटच्या आयतीत तो दोन रूपांत येतो, एकदा जमेच्या बाजूला आणि एकदा नावेच्या. माणूस आयुष्यभर काहीतरी कमावत असतो आणि शेवटी त्याचं खातं उघडलं जाणार असतं. व्यापारी शहरांतल्या लोकांना हे चित्र समजावून सांगावं लागलं नसेल.

अशअरींनी हा शब्द पहिल्यांदा वापरला असं नाही. त्यांच्या आधी दिरार इब्न अम्र आणि नज्जार या पंडितांनी तो या अर्थाने पुढे आणला होता. पण तो अशअरींच्याच नावाने चिकटला. याला कारण त्यांचं स्वतःचं आयुष्य असावं. त्यांचा जन्म इ.स. 873-74 चा. चाळिशीपर्यंत ते मुतझिला पंथाचे होते आणि त्या पंथाचे बसऱ्यातले मोठे गुरू अबू अली अल-जुब्बाई यांचे शिष्य होते. मुतझिलांचं म्हणणं स्पष्ट होतं. ईश्वर न्यायी आहे. न्यायी धनी दुसऱ्याने केलेल्या कामाची शिक्षा नोकराला देत नाही. म्हणून माणूसच आपल्या कृती घडवतो, त्यासाठी लागणारी शक्ती अल्लाहने त्याला आधीच देऊन ठेवली आहे, आणि ती करण्या-न करण्यासाठी सारखीच वापरता येते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जहम इब्न सफवान होता. तो इ.स. 746 च्या सुमाराला एका बंडाच्या धामधुमीत मारला गेला. त्याच्या मते ‘झाडाला फळ आलं’, ‘सूर्य मावळला’ असं आपण म्हणतो, तसंच ‘अमक्याने चोरी केली’ असं म्हणतो. बोलायची पद्धत म्हणून ते ठीक, खरं करणारा एकच.

इ.स. 912-13 च्या आसपास अशअरींनी गुरूचा पंथ सोडला आणि पुढचं आयुष्य त्या पंथाला त्याच्याच तर्काच्या पद्धतीने उत्तरं देण्यात घालवलं. त्यांना जहमच्या टोकाला जायचं नव्हतं, कारण तिथे चोर आणि तापाने थरथरणारा रोगी यांत काही फरकच राहत नाही. पण मुतझिलांचं म्हणणं मान्य केलं तर सृष्टीत एकाचे असंख्य निर्माते होतात. प्रत्येक माणूस आपापल्या कृतीचा छोटा निर्माता. निर्माता एकच, या इस्लामच्या गाभ्याशी हे त्यांना विसंगत वाटलं.

यावर त्यांनी दिलेल्या युक्तिवादांपैकी एक मला फार सूक्ष्म वाटतो. सत्य नाकारणाऱ्या माणसाला आपलं नाकारणं चांगलं आणि बरोबर व्हायला हवं असतं. पण ते होतं चुकीचं आणि वाईट. श्रद्धावानाला आपली श्रद्धा कष्टाविना निभवायला हवी असते. पण ती दमवते, जड जाते. म्हणजे कृती प्रत्यक्षात जशी घडते तशी ती करणाऱ्याच्या मनात नसते. मग ती जशी आहे तशी घडवणारा दुसरा कुणी असला पाहिजे. पुढच्या अशअरी पंडितांनी याला आणखी एक जोड दिली. जो घडवतो त्याला घडवलेल्या गोष्टीचा तपशील माहीत हवा. पण चालणाऱ्याला विचारा की पाऊल टाकताना कुठला स्नायू किती आखडला. त्याला काहीच सांगता येणार नाही. माझ्या वडिलांना सही येत होती, पण ती बोटांत कशी उतरते हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

कुराणातल्या एका आयतीवरही हा वाद झडला. इब्राहिम मूर्तिपूजकांना सांगतात की तुम्हाला अल्लाहने घडवलं आणि तुम्ही जे करता तेही त्यानेच. ‘जे करता’ यासाठी असलेल्या अरबी शब्दरचनेचे दोन अर्थ निघतात. अशअरी म्हणाले, इथे ‘तुमच्या कृती’ असा अर्थ आहे. मुतझिला म्हणाले, ‘तुम्ही कोरता त्या मूर्ती’, म्हणजे लाकूड आणि दगड. संदर्भ पाहिला तर मुतझिलांचं वाचन मला जास्त सरळ वाटतं. पण अशअरींची इमारत काही या एका आयतीवर उभी नव्हती.

आता एक घटना घेऊन बघू. बसऱ्याच्या बाजारात गर्दी आहे. एक माणूस शेजाऱ्याच्या कमरेची थैली हातात धरून ओढतो. अशअरींच्या मांडणीत इथे काय घडतं?

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्यांच्या मते जग अविभाज्य कणांचं बनलेलं आहे आणि रंग, हालचाल, इच्छा, शक्ती हे त्या कणांवर येणारे गुण आहेत. असा कुठलाही गुण दोन क्षण टिकत नाही. पहिल्या क्षणाची हालचाल संपते, दुसऱ्या क्षणाची अल्लाह नव्याने निर्माण करतो. चोराचा हात पुढे सरकतो तेव्हा त्या क्षणी अल्लाह त्याच्यात हालचाल निर्माण करतो, ती हालचाल करण्याची इच्छा निर्माण करतो, आणि त्या हालचालीपुरती एक शक्तीही निर्माण करतो. तापकऱ्याच्या हातात हालचाल निर्माण होते, पण ती शक्ती नसते. त्याच्या ठिकाणी असते ती असमर्थता. फरक एवढाच. ज्या कृतीसोबत ती करणाऱ्यात अशी नवी शक्ती निर्माण झाली आहे, ती कृती त्याने ‘कमावली’. घडवली अल्लाहने, खात्यावर चढली माणसाच्या.

ही शक्ती कृतीच्या आधी नसते, कृतीबरोबरच येते. गुण दोन क्षण टिकतच नाही, मग आधीच्या क्षणाची शक्ती या क्षणाच्या कृतीला काय कामाची? म्हणून ती एकाच कृतीपुरती असते, उलट कृतीसाठी तिचा उपयोग होत नाही. आणि ती माणसाच्या शरीराबाहेर पोहोचत नाही. चोराच्या हाताची हालचाल त्याची कमाई आहे. थैली कमरेवरून सुटून त्याच्या मुठीत आली, ती हालचाल मात्र अल्लाहची थेट निर्मिती आहे. हात हलला की थैली हलते असा अल्लाहचा नेम आहे, म्हणून आपण दोन्ही एकत्र मोजतो. मुतझिला म्हणत की धनुर्धाऱ्याने सोडलेला बाण आणि त्याने झालेली जखम ही दोन्ही त्याच्याच कृतीतून जन्मलेली आहेत. अशअरींनी ही साखळी तोडली.

चोराला कुणी विचारेल, मग चोरी अल्लाहनेच केली ना? याला सगळ्यात नेटकं उत्तर मला अशअरींच्या पुस्तकापेक्षा साडेचारशे वर्षांनंतरच्या तफ्ताझानी या पंडिताकडे सापडतं. तो म्हणतो, एखाद्या गुणाने ज्याला ओळखायचं तो त्या गुणाचा निर्माता नसतो, तो गुण ज्याच्या अंगी असतो तो. अल्लाहने वस्तूंमध्ये काळा आणि पांढरा रंग निर्माण केला, म्हणून कुणी अल्लाहला काळा म्हणत नाही. तसंच उठणं, बसणं, खाणं निर्माण करणारा उठत-बसत नाही. उठतो तो माणूस. शेजारीच त्याने जमिनीचा दाखला दिला आहे. जमीन निर्माण केली म्हणून ती अल्लाहची, आणि कसण्या-विकण्याचा हक्क आहे म्हणून तीच जमीन माणसाची. दोघांचीही मालकी खरी आहे, पण ती दोन वेगळ्या नात्यांनी आहे. सातबारा हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दाखला चटकन पोहोचतो.

पण चोराच्या वकिलाचा खरा प्रश्न अजून बाकी आहे आणि कस्बच्या सिद्धान्ताचा सगळ्यात नाजूक सांधा तोच आहे. माणसात निर्माण झालेली ती शक्ती करते काय? हालचाल तर अल्लाहने निर्माण केली. इच्छाही त्यानेच. शक्तीही त्याचीच. ती शक्ती हालचाल घडवत नाही, फक्त तिच्यासोबत असते. सोबत असण्याने जबाबदारी येते का? शिवाय ही शक्ती उलट कृतीला चालत नसेल, तर ज्याच्यात नाकारण्याची शक्ती निर्माण झाली त्याला मान्य करण्याची आज्ञा देणं म्हणजे अशक्याची मागणी नाही का? अशअरी म्हणाले, तो लुळ्यासारखा असमर्थ नाही, तो दुसऱ्याच गोष्टीत गुंतला आहे म्हणून त्याला जमत नाही. हा भेद खरा आहे. पण त्या गुंतण्याचा निर्माता कोण, हे विचारलं की आपण पुन्हा तिथेच येतो.

हा सांधा कच्चा आहे हे बाहेरच्यांनी सांगायच्या आधी त्यांच्याच परंपरेतल्या लोकांनी ओळखलं, आणि पुढच्या तीनशे वर्षांत त्याला वेगवेगळे टेकू दिले. इ.स. 1013 मध्ये वारलेल्या बाकिल्लानीने शक्तीला थोडं काम दिलं. हालचाल ही हालचाल म्हणून अल्लाहची, पण ती उपासना आहे की पाप, हे माणसाच्या शक्तीमुळे ठरतं. नंतरच्या ग्रंथांत याचं उदाहरण अनाथ मुलाला मारलेल्या चापटीचं येतं. हात तसाच उचलला जातो, तसाच गालावर पडतो. एकाने शिस्त लावायला मारली, दुसऱ्याने छळायला. हालचाल एक आणि कृत्यं दोन. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण इथे जबाबदारी हातातून निघून हेतूत जाते, आणि आपणही रोजच्या व्यवहारात ती तिथेच शोधतो. पण टीकाकारांनी लगेच विचारलं, हे ‘पाप असणं’ खरोखर काही असेल तर त्याचाही निर्माता अल्लाहच असायला हवा. आणि ते काहीच नसेल, तर माणसाने केलं काय?

निशापूरचा जुवैनी आपल्या एका पुस्तकात रूढ मत सांगतो आणि पुढच्या एका पुस्तकात ते सोडून देतो. परिणाम न करणारी शक्ती म्हणजे शक्ती नसल्यासारखीच, असा त्याचा सूर होतो आणि तो माणसाच्या शक्तीला खरा परिणाम देतो, अल्लाहच्या योजनेतला एक दुवा म्हणून. त्याचा शिष्य गझाली, इ.स. 1111 मध्ये वारलेला, एक गोष्ट सांगतो. कुणी कागदाला विचारतो, तुझं तोंड काळं का झालं? कागद म्हणतो, शाईला विचार. शाई लेखणीकडे बोट दाखवते, लेखणी हाताकडे, हात शक्तीकडे, शक्ती इच्छेकडे, इच्छा ज्ञानाकडे. विचारणारा असा वरवर चढत जातो. गझालीच्या मते माणूस निवड करतो, हे खरंच आहे. पण निवड करणं टाळणं त्याच्या हातात नाही. डोळ्याजवळ सुई आली की पापणी मिटते, तितक्याच अपरिहार्यपणे बुद्धीने एक गोष्ट चांगली ठरवली की इच्छा तिकडे वळते.

शंभर वर्षांनी फखरुद्दीन राझीने, जो स्वतः अशअरी परंपरेतलाच, सरळ सांगितलं की कस्ब हे नाव आहे, त्याखाली वस्तू नाही. माणूस निवडणाऱ्याच्या वेशात बांधलेला आहे. कॉर्डोबाचा इब्न रुश्द परंपरेबाहेरून तेच म्हणाला: यांना मधली वाट काढायची होती, पण ती मधली जागाच अस्तित्वात नाही. अरबीत ‘अशअरीच्या कस्बपेक्षाही बारीक’ अशी म्हण पडली, हाताला न लागणाऱ्या गोष्टीसाठी.

या सगळ्या टीकेनंतरही ही कल्पना टिकली. त्याचं कारण मला असं दिसतं की अशअरींच्या विचारात जबाबदारीचा भार मुळात कस्बवर नव्हताच. तो आज्ञेवर होता. त्यांच्या मते चांगलं म्हणजे ज्याची आज्ञा झाली ते, वाईट म्हणजे ज्याला मनाई झाली ते. चूक करण्यासाठी आपल्यावर कुणीतरी रेघ आखून दिलेली असावी लागते. माणसावर रेघ आहे, अल्लाहवर रेघ आखणारा कुणी नाही, म्हणून त्याच्या करण्याला अन्याय हा शब्दच लागू होत नाही. एकदा हे धरलं की ‘कृती कुणी घडवली’ आणि ‘जाब कुणी द्यायचा’ हे दोन प्रश्न सुटे होतात. पहिल्याचं उत्तर द्यायला निर्माता पुरतो, दुसऱ्याला आज्ञा. मधला दुवा एवढाच हवा की आज्ञा ज्याला लागू होते आणि ज्याला होत नाही, त्यांना वेगळं ओळखता यावं. थरथरणाऱ्या हाताला आज्ञा लागू नाही, थैली ओढणाऱ्या हाताला आहे. कस्बचं काम खूणगाठीचं आहे. मुतझिला हे कधीच मान्य करणार नव्हते, कारण त्यांच्या मते न्याय ही अल्लाहलाही बांधून असलेली, बुद्धीला स्वतंत्रपणे कळणारी गोष्ट होती. भांडण वरवर हाताच्या हालचालीवर चाललं होतं, पण मुळात ते न्याय म्हणजे काय यावर होतं. माझं मन या भांडणात मुतझिलांकडे ओढतं. पण अशअरींनी प्रश्न जिथे सोडवला नाही तिथे तो निदान नेमक्या जागी आणून ठेवला, हे मानावं लागतं.

‘कर्ता करविता तो’ आणि ‘करावे तसे भरावे’ ही दोन्ही वाक्यं आपल्या घरांत एकाच तोंडून ऐकू येतात, त्यामुळे मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. पण साम्य तिथेच थांबतं. आपल्याकडे पूर्वजन्मीच्या संचिताचा आधार असतो. बसऱ्याच्या पंडितांना तो नव्हता. त्यांच्याकडे एकच जन्म आणि एकच हिशेबाचा दिवस होता.

अशअरींच्याच काळात, दूर समरकंदमध्ये, इ.स. 944 मध्ये वारलेल्या मातुरीदीने दुसरी वाट धरली. कृती अल्लाहचीच निर्मिती, पण माणसाची शक्ती उलट कृतीलाही चालते, म्हणून निवड खरोखर त्याची. मग त्या निवडीला कुणी निर्माण केलं, हा जुना प्रश्न आलाच. चौदाव्या शतकात बुखाऱ्याच्या सद्र अश-शरीआने त्यावर असं सुचवलं की निवडीचा तो कल ही धड ‘असलेली’ वस्तू नाही आणि धड ‘नसलेली’ही नाही. निर्माण व्हावं लागतं ते असलेल्या वस्तूंना. जे पुरतं असणं नाही त्याला निर्माताही लागत नाही. बहुसंख्य भारतीय मुसलमान हनफी, आणि हनफी परंपरा मातुरीदीची. आपल्या कोकणातले मुसलमान मात्र शाफिई आहेत, आणि ती परंपरा जुन्या काळापासून अशअरींशी जोडलेली आहे. आणि जमिनीचा दाखला देणारा तफ्ताझानीचा तो ग्रंथ, मातुरीदी पंडित नसफीच्या छोट्या पुस्तिकेवरचं भाष्य, भारतातल्या मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमात आजही आहे. मौलवी होऊ पाहणारी मुलं त्यात थरथरणारा हात आणि धरणारा हात यांचा फरक शिकतात.

बँकेतून बाहेर पडताना वडिलांनी दाखल्याची प्रत माझ्याकडे दिली आणि हात खिशात घातला. खिशाच्या कापडातून तो हलताना दिसत होता.